माणदेशातील १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण : खोलीची मांडणी, फॉरमॅट आणि फाइलींची नावे

सर्व ध्वनिमुद्रक स्वयंसेवकांना सप्रेम नमस्कार,

पुढील आठवड्यापासून माण, खटाव, आटपाडी आणि सांगोला या चार तालुक्यांत मुलाखतींना सुरुवात होत आहे. ज्यांनी १९७२ मध्ये दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, त्यांतील बहुतेकांची वये आज सत्तरीच्या पुढे आहेत. खराब निघालेली मुलाखत पुन्हा घेता येईलच, असे यांपैकी कोणाच्याही बाबतीत गृहीत धरू नये. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक बाजूविषयी हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे. काय विचारावे, कसे विचारावे, याची टिपणे आपल्याला वेगळी मिळालेली आहेत. येथे केवळ खोली, यंत्रावरील सेटिंग आणि फाइलींची नावे एवढ्याच गोष्टी आहेत.

हे सारे करताना एक व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी. ती म्हणजे कानाला हेडफोन लावून शब्दन् शब्द उतरवून घेणारी, त्या घरी कधीही न गेलेली आणि आपल्याला न ओळखणारी व्यक्ती. तिला ऐकू आले नाही ते मुलाखतीत नव्हतेच, असे होते. आणि समोर आलेली फाइल कोणाची, कोणत्या दिवशीची, हे तिला नावावरून कळले नाही, तर आवाज कितीही स्वच्छ असला तरी त्याचा उपयोग नाही.

निघण्यापूर्वी

रेकॉर्डरमधील तारीख आणि वेळ आदल्या रात्री तपासावी. बॅटरी काही काळ काढून ठेवली की बऱ्याच यंत्रांतील घड्याळ मूळपदावर जाते आणि फाइलीवर भलत्याच वर्षाची १ जानेवारी उमटते. नवीन बॅटरीचा एक जादा संच सोबत असावा. विजेची सोय असली तरी मुद्रण बॅटरीवरच करावे. एक तर वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि दुसरे म्हणजे स्वस्त चार्जर किंवा इन्व्हर्टरला जोडलेल्या यंत्रात एक बारीक गुणगुण शिरते, जी खोलीत कोणालाच ऐकू येत नाही, पण फाइलीत अखंड राहते.

मेमरी कार्ड ३२ जीबीचे पुरेसे आहे. आपल्या फॉरमॅटमध्ये त्यावर सुमारे तीस तासांचे मुद्रण मावते. कार्ड फॉरमॅट करायचे झाल्यास ते संगणकावर न करता रेकॉर्डरमध्येच करावे.

फॉरमॅट

रेकॉर्डरच्या मेनूमध्ये पुढील सेटिंग निवडावे आणि मुलाखतीच्या दिवशी पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून खात्री करून घ्यावी.

```
Format      : WAV
Sample rate : 48 kHz
Bit depth   : 24 bit
Channels    : Stereo
Auto level  : OFF
Low cut     : OFF
```

एमपीथ्री या फॉरमॅटमध्ये फाइल लहान होते, कारण माणसाच्या कानाला सहसा जाणवणार नाही असे मानलेला आवाजाचा भाग त्यात कायमचा काढून टाकला जातो. पुढे कोणी ती फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये बदलली, तर आकार वाढतो, गेलेला भाग परत येत नाही. त्यामुळे ‘नंतर बदलून घेऊ’ हा मार्ग येथे उपलब्ध नाही.

आपले सेटिंग बरोबर होते की नाही, हे फाइलीच्या आकारावरूनही लगेच कळते. वरील सेटिंगमध्ये एका मिनिटाला सुमारे १७ एमबी आणि एका तासाला जेमतेम १ जीबीच्या वर जागा लागते. तासाभराची फाइल ७०० एमबीच्या आसपास दिसली, तर २४ ऐवजी १६ बिट निवडले गेले आहे. ती चालवून घेता येते. तासाभराची फाइल ६० एमबीच्या घरात दिसली, तर मात्र मुद्रण एमपीथ्रीत झाले आहे. हे पहिल्या चाचणीतच पकडावे.

‘ऑटो लेव्हल’ बंद ठेवण्याचे कारण असे, की सांगणारी व्यक्ती आठवत आठवत थांबली की यंत्र ती शांतता ‘कमी आवाज’ समजून पातळी आपोआप वाढवते. मग पंखा, रस्ता, शेजारचा टीव्ही असे सगळे फुगून वर येते आणि ती पुन्हा बोलू लागताच पहिला शब्द फुटतो. पातळी हातानेच लावावी. सकाळी काय खाल्ले, घरात कोण कोण असते, असे काहीतरी साधे विचारून दोन मिनिटे बोलते करावे आणि मीटरवरील सर्वांत उंच उडी −१२ च्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. आपल्या विषयावरचा प्रश्न चाचणीसाठी मुळीच विचारू नये, कारण मनापासून सांगितलेली आठवण दुसऱ्यांदा तशी सांगितली जात नाही. −१२ पासून शून्यापर्यंतची मोकळी जागा आवाज चढण्यासाठी राखलेली असते. मुकादमाने खाडा कसा मांडला, हे सांगताना शांत स्वभावाच्या आजोबांचाही आवाज दुप्पट होतो. मीटर शून्याला टेकले की आवाज फाटतो आणि तो नंतर सांधता येत नाही. पातळी थोडी कमी राहिली तर २४ बिटच्या फाइलीत ती पुढे वाढवता येते. म्हणून शंका आली, तर चूक कमी पातळीच्या बाजूला झालेली बरी.

रेकॉर्डर बंद पडला आणि केवळ फोन हाती असला, तर फोन एअरप्लेन मोडवर टाकून मुद्रण करावे. फोन जी फाइल देईल ती जशीच्या तशी ठेवावी, स्वतः रूपांतर करू नये आणि नोंदीत ‘फोनवर मुद्रित’ असे लिहावे. मुलाखतीची मूळ फाइल कोणीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

खोली

सर्वाधिक वेळ खर्च करण्याची जागा ही आहे. मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी तो वाईट खोली दुरुस्त करू शकत नाही, मात्र साधा मायक्रोफोन चांगल्या जागी ठेवला तर उत्तम काम देतो.

घरी पोहोचल्यावर पाणी पिऊन झाले, की सर्वांना विनंती करून एक मिनिट अगदी गप्प बसावे आणि हेडफोन लावून खोली ऐकावी. आपले कान सवयीचे आवाज वगळतात, मायक्रोफोन वगळत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर, ट्यूबलाइटच्या चोकची घरघर, पलीकडची पिठाची गिरणी हे सारे या एका मिनिटात उघड होते. त्यानंतर खोलीच्या मध्यभागी एकदा टाळी वाजवावी. टाळीमागे धातूसारखी झणझण राहिली, तर ती खोली घुमते. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि चारी बाजूंना सिमेंटच्या उघड्या भिंती अशी खोली हमखास घुमते. मग मोठी बैठकीची खोली सोडून आतली, कपड्यांची दांडी, धान्याची पोती आणि अंथरुणांची चळत असलेली लहान खोली मागावी. पाहुण्याला आतल्या खोलीत बसवणे घरच्यांना अवघड वाटते, म्हणून कारण आधीच नीट समजावून सांगावे. तशी खोली नसेल, तर बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे आपल्या पाठीमागे, दोरीवर एक वाकळ किंवा गोधडी टाकावी आणि खाली सतरंजी अंथरावी. एवढ्यानेही फरक स्पष्ट ऐकू येतो.

पत्र्याच्या घरांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना पत्रा प्रसरण-आकुंचनाने टकटक वाजतो. तो वाजू लागला असेल, तर शक्य झाल्यास ओट्यावर किंवा सावलीत बसावे, मात्र तेथे वाऱ्यासाठी मायक्रोफोनवर फोमची टोपी घातलीच पाहिजे.

कोणता आवाज चालतो आणि कोणता चालत नाही, यात आपण तारतम्य ठेवावे. कोंबडा आरवला, शेळी ओरडली, अंगणातून कोणी हाक मारली, तर मुलाखत थांबवण्याची गरज नाही. असे आवाज येतात आणि जातात, आणि माझ्या मते ते त्या घराच्या नोंदीचाच भाग आहेत. घातक असतो तो शब्दांच्या खाली सतत वाहणारा आवाज. पंख्याचा सूर ‘स’, ‘फ’, ‘ह’ यांसारखे श्वासाचे वर्ण गिळतो आणि उतरवून घेणाऱ्याला ‘खडी’ की ‘कडी’, ‘फोडली’ की ‘सोडली’ हे ठरवता येत नाही. म्हणून पंखा बंद करावा, टीव्ही बंद करण्याची विनंती करावी आणि घरच्यांच्या परवानगीने फ्रिजचे बटण बंद करावे. फ्रिज बंद केल्यावर आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज पुन्हा सुरू करण्याचे विसरले जात नाही.

याला एक मर्यादा आहे. मार्चनंतर या भागात ऊन तापू लागते आणि वयोवृद्ध माणसाला बंद पंख्याखाली तासभर बसवणे योग्य नाही. अशा वेळी मुलाखत सकाळी लवकर ठेवावी, ते शक्य नसेल तर पंखा चालू ठेवून मायक्रोफोन अधिक जवळ घ्यावा. बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले, की पंख्याचा आवाज तेवढाच राहून बोलणे ठळकपणे वर येते. मायक्रोफोन जवळ घेणे हा जवळपास प्रत्येक अडचणीवरचा पहिला उपाय आहे.

क्लिपचा मायक्रोफोन हनुवटीखाली सुमारे एक वीत अंतरावर लावावा. तो पदराला लावू नये. पदर सरकतो, डोक्यावर घेतला जातो आणि प्रत्येक हालचालीला खरखर उमटते. ब्लाउजच्या गळ्याच्या काठाला तो लावणे चांगले, आणि ते काम घरातील सुनेला किंवा लेकीला करू द्यावे. आजोबांच्या सदऱ्याच्या बटणपट्टीवर तो व्यवस्थित बसतो, पण खिशातल्या डबीचा किंवा गळ्यातल्या माळेचा त्याला धक्का लागत नाही ना, हे पाहावे. बांगड्या काढायला कोणालाही सांगू नये. हात मांडीवर आणि मायक्रोफोन गळ्याशी असला, की त्यांचा त्रास फारसा होत नाही.

दोन क्लिप असतील, तर बोलणाऱ्या व्यक्तीचा मायक्रोफोन डाव्या आणि आपला उजव्या चॅनेलवर घ्यावा. सर्व मुलाखतींत हीच बाजू कायम ठेवावी. क्लिप नसेल आणि रेकॉर्डरचाच मायक्रोफोन वापरायचा असेल, तर यंत्र बोलणाऱ्याच्या तोंडापासून साधारण दीड फुटाच्या आत, घडी घातलेल्या जाड कापडावर ठेवावे. स्टीलच्या टेबलावर किंवा खाटेवर थेट ठेवल्यास कपबशीचा प्रत्येक ठोका आणि खाटेची कुरकुर त्यात उतरते.

मुद्रण सुरू झाल्यावर

सुरुवातीस तीस सेकंद कोणी न बोलता खोलीचा आवाज मुद्रित करावा. पुढे सफाई करणाऱ्याला त्याचा नमुना लागतो. नंतर आपल्याच आवाजात, सावकाश, तारीख, गाव, तालुका, कथनकर्त्याचा क्रमांक, सत्र आणि भाग सांगावा. फाइलीचे नाव कधी पुसले गेले, तरी या घोषणेवरून ती ओळखता येते. कथनकर्त्याचे नाव घोषणेत घ्यायचे की नाही, हे संमतीपत्रात त्यांनी काय निवडले आहे त्यावर ठरते. म्हणून संमतीपत्र मुद्रणाआधी पूर्ण झालेले असावे.

हेडफोन शेवटपर्यंत निदान एका कानाला असू द्यावा. मीटर हलत असतो म्हणजे आवाज नीट येतो आहे, असे नाही. ढिली पडलेली वायर, पदराची खरखर आणि गुणगुण मीटरवर ओळखू येत नाहीत. घरातील दुसरी व्यक्ती मध्येच आठवण सांगू लागली, तर तिला थांबवू नये, पण त्याच वेळी दोघे बोलत असतील, तर हाताने नम्रपणे खूण करून एकेकाला बोलू द्यावे. हुंकार देण्याऐवजी मान हलवावी.

मुलाखत दोन तासांहून लांबली, तर बरेच रेकॉर्डर २ जीबी झाल्यावर आपोआप नवी फाइल सुरू करतात. त्यात बिघाड काही नाही. मात्र सव्वा तासानंतर चहासाठी थांबून मुद्रण स्वतःच बंद करणे अधिक चांगले. आजींनाही विश्रांती मिळते.

फाइलीचे नाव

रेकॉर्डर फाइलींना `REC0003.WAV` अशी नावे देतो, आणि आपणां सर्वांच्या कार्डांवर एक एक `REC0003.WAV` असणार आहे. म्हणून प्रत्येक फाइलीला पुढील साच्यातच नाव द्यावे.

```
DK72_ATP_014_20260214_S01_P01.wav
```

पहिला भाग उपक्रमाचा संकेत आहे आणि तो कधीही बदलत नाही. दुसरा तालुक्याचा : माण `MAN`, खटाव `KHT`, आटपाडी `ATP`, सांगोला `SNG`. तिसरा कथनकर्त्याचा क्रमांक आहे. तो आपण स्वतः ठरवू नये, मुलाखतीआधी माझ्याकडील नोंदवहीतून घ्यावा. चौथा मुद्रणाची तारीख असून ती वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने लिहावी, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ही मुद्रणाचीच तारीख असते. सांगितलेली घटना १९७२ ची असली, तरी त्या वर्षाचा या जागेशी संबंध नाही. पाचवा सत्राचा आणि सहावा त्या सत्रातील भागाचा क्रमांक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो की सत्र बदलते. चहासाठी थांबून पुन्हा सुरू केले की भाग बदलतो.

क्रमांकाआधीची शून्ये गाळू नयेत, अन्यथा काही संगणकांवर १० हा क्रमांक २ च्या आधी लागतो. नावात मोकळी जागा सोडू नये, केवळ खालची रेघ वापरावी. फाइलीचे नाव देवनागरीत लिहू नये, हे सांगताना मला वाईट वाटते, पण फाइली झिपमध्ये बांधून वेगवेगळ्या यंत्रांवर नेताना देवनागरी नावांतील अक्षरे काही वेळा चौकोन किंवा निरर्थक चिन्हे होऊन बसतात. मराठीतील सर्व माहिती सोबतच्या नोंदीच्या फाइलीत यावी.

कथनकर्त्याचे किंवा गावाचे नाव फाइलीत घालू नये. म्हसवड एकाने `Mhaswad` आणि दुसऱ्याने `Mhasvad` लिहिले, की शोधताना अर्ध्या फाइली सापडत नाहीत. पण याहून मोठे कारण संमतीचे आहे. उचल, उपासमार, मुकादमाची वागणूक यांविषयी कोणी मोकळेपणाने बोलले आणि नाव गुप्त ठेवण्याची इच्छा व्यक्त केली, तर ते नाव प्रत्येक प्रतीच्या शीर्षकात झळकत राहता कामा नये. क्रमांक आणि नाव यांची सांगड केवळ नोंदवहीत राहील.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आटपाडी तालुक्यातील एका आजींना ०१४ हा क्रमांक मिळाला आहे. १४ फेब्रुवारी २०२६ रोजी त्यांनी चहाआधी ७२ मिनिटे आणि चहानंतर ३८ मिनिटे सांगितले. दुसऱ्या भागात त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनीही बराच वेळ भर घातली. आठवड्याने, २१ तारखेला, आपण पुन्हा गेलो. तेव्हा फाइली अशा होतील :

```
DK72_ATP_014_20260214_S01_P01.wav
DK72_ATP_014_20260214_S01_P02.wav
DK72_ATP_014_20260214_S01_NOTE.txt
DK72_ATP_014_20260214_S01_CONSENT.pdf
DK72_ATP_014_20260221_S02_P01.wav
```

पहिली फाइल सुमारे सव्वा जीबीची असेल. जाऊबाईंना नोंदवहीत स्वतंत्र क्रमांक मिळेल आणि त्यांचे संमतीपत्रही वेगळे घेतले जाईल, पण फाइल ०१४ चीच राहील. त्या किती मिनिटांपासून बोलू लागल्या, एवढे नोंदीत लिहावे. नोंदीत आणखी चार गोष्टी हव्यात : खोली कशी होती, मायक्रोफोन कोठे होता, कोणता सततचा आवाज राहिला, आणि ऐकून लिहिताना अडतील अशी विशेषनामे. तलावाचे, माळाचे, वस्तीचे नाव आजी कसे उच्चारतात ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. त्या ‘भूकंपानंतर चार-पाच वर्षांनी’ असे म्हणाल्या, तर ते शब्द तसेच ठेवून ‘डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप अभिप्रेत असावा’ अशी पुस्ती केवळ नोंदीत जोडावी.

घरी आल्यावर

कार्डावरील फाइलींची नावे बदलू नयेत आणि त्यांना हातही लावू नये. आधी फाइली संगणकावर घ्याव्यात, मग संगणकावरील प्रतीचे नाव बदलावे, नंतर तीच प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. प्रत अचूक उतरली का, हे तपासण्यासाठी विंडोजमध्ये फाइल असलेल्या फोल्डरमधून पुढील आज्ञा द्यावी.

```
certutil -hashfile DK72_ATP_014_20260214_S01_P01.wav SHA256
```

पडद्यावर ६४ अक्षरांची एक ओळ येते. तीच आज्ञा कार्डावरील `REC0003.WAV` या मूळ फाइलीला आणि हार्ड डिस्कवरील प्रतीलाही द्यावी. ही ओळ फाइलीच्या आतील मजकुरावरून काढली जाते, नावावरून नाही. त्यामुळे नाव बदललेले असूनही तिन्ही ठिकाणी ती तंतोतंत सारखी आली पाहिजे. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी ती प्रत पुसून पुन्हा घ्यावी. जुळलेली ओळ नोंदीच्या फाइलीत चिकटवावी.

मूळ फाइलीतील खोकला, विराम किंवा आपला चुकलेला प्रश्न कापू नये आणि आवाजाची सफाईही करू नये. ते काम स्वतंत्र प्रतीवर होईल. प्रत्येक फाइलीची सुरुवात, मध्य आणि शेवट येथील दोन-दोन मिनिटे त्याच रात्री ऐकावीत. काही बिघडले असेल, तर आजींना सगळे ताजे आठवत असतानाच पुन्हा जाण्याची वेळ ठरवता येते.

हार्ड डिस्क दर रविवारी माझ्याकडे पोहोचवावी. फाइली आणि ६४ अक्षरांच्या ओळी येथे जुळल्या, की मी क्रमांकासह लेखी पोच देईन. ती पोच मिळेपर्यंत कार्ड पुसू नये किंवा दुसऱ्या मुलाखतीसाठी वापरू नये. जादा कार्ड लागल्यास मागून घ्यावे.

कळावे,
आपला,
समन्वयक